मास स्पेक्ट्रममध्ये ५८ चं पीक: मिथाइल कीटोन समजून पुढे जावं का?

नवशिकी

एका अल्कोहोल मिश्रणाचं ऑक्सिडेशन केल्यावर मिळालेल्या घटकाचा जीसी-एमएस समोर आहे. नेहमीचं ७० इलेक्ट्रॉन-व्होल्टचं ई-आय. हाय रिझोल्यूशनवर सूत्र पक्कं झालंय, C9H18O, म्हणजे मॉलिक्युलर आयन १४२. आयआरमध्ये १७१५ च्या आसपास पट्टा आहे. अल्डिहाइडच्या खुणा कुठेच नाहीत, त्यामुळे कीटोन यावर कोणाचं दुमत नाही.

मोठी पीकं अशी: ४३ सर्वांत उंच, त्याच्या खालोखाल ७१, मग ५८, ८६ आणि ९९. १४२ आहे, पण लहान. १२७ शोधूनही सापडलं नाही.

प्रयोगशाळेतल्या सीनियरचं म्हणणं की ४३ म्हणजे अॅसिटिल आणि ५८ म्हणजे मॅक्लॅफर्टी, म्हणजे साखळीतला हायड्रोजन ऑक्सिजनवर सरकून अल्कीन निघून गेल्यावर उरलेला तुकडा, तेव्हा हा २-नोनॅनोन, लिहून मोकळी हो. पण ८६ चं काय करायचं हे कोणी सांगत नाही. ते पीक बारकं असतं तर सोडून दिलं असतं, पण ते ५८ च्या साधारण निम्म्याएवढं आहे.

---

गाळणकागद

सीनियर बरोबर सांगतायत. तक्ता पाठ आहे आमचा: अल्डिहाइड ४४, मिथाइल कीटोन ५८, एथिल कीटोन ७२, आम्ल ६०, मिथाइल एस्टर ७४. ५८ आणि ४३ एकत्र दिसले की मिथाइल कीटोन. मॅक्लॅफर्टीचं पीक नेहमी सम वस्तुमानाचं असतं आणि साध्या तुटण्याचं विषम, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. ८६ एखादी अशुद्धी असेल. दोन घटक एकाच वेळी कॉलमवरून उतरले की अशी पीकं मिसळतात.

---

आयनमित्र

अशुद्धी म्हणण्याआधी ८६ ला बोलू द्या. तेही सम आहे.

गाळणकागद यांचा तक्ता चुकीचा नाही, पण कार्बोनिलच्या एकाच बाजूची साखळी लांब असेल तेव्हाच तो लागू पडतो. दोन्ही बाजूंना गॅमा हायड्रोजन, म्हणजे कार्बोनिलपासून तिसऱ्या कार्बनवरचे, असतील तर काय होतं याबद्दल त्या तक्त्यात काहीच नाही. साखळी सरळ धरून नोनॅनोनचे चारही भाऊ कागदावर मांडून बघा.

२-नोनॅनोन: मिथाइलच्या बाजूला गॅमा कार्बनच नाही. लांब बाजूनं C6H12 म्हणजे ८४ गेले, उरले ५८.

३-नोनॅनोन: एथिलच्या बाजूची साखळी बीटापाशीच संपते. दुसऱ्या बाजूनं C5H10 म्हणजे ७० गेले, उरले ७२. इथेच थांबतं.

४-नोनॅनोन: पेंटाइलच्या बाजूनं ब्यूटीन म्हणजे ५६ गेलं की ८६ उरतात. पण त्या ८६ मध्ये प्रोपाइलची बाजू अजून शाबूत आहे आणि तिच्या टोकाचा मिथाइल बरोबर गॅमावर बसतो. तिथूनही हायड्रोजन सरकतो, एथिलीन म्हणजे २८ जातात आणि उरतात ५८.

५-नोनॅनोन: दोन्हीकडे ब्यूटाइल. पहिल्यांदा प्रोपीन जाऊन १००, दुसऱ्यांदा प्रोपीन जाऊन परत ५८.

थोडक्यात, चारपैकी तीन कीटोन ५८ देतात. एकट्या ५८ वरून मिथाइल कीटोन ठरवणं धाडसाचं आहे. मी सगळ्यात जड सम पीक आधी पाहतो, कारण ते पहिल्या टप्प्याचं असतं. तुमच्याकडे ते ८६ आहे.

आता विषम पीकं. ४-नोनॅनोनमध्ये कार्बोनिलच्या दोन्ही बाजूंना अल्फा बंध तुटतो. पेंटाइल गेला तर C3H7CO+, ७१. प्रोपाइल गेला तर C5H11CO+, ९९. दोन्ही तुमच्याकडे आहेत. आणि ४३? ते अॅसिटिल असलंच पाहिजे असं नाही, C3H7+ सुद्धा ४३ च. सीनियरांच्या दोन्ही पुराव्यांना दुसरा अर्थ आहे. २-नोनॅनोनकडे मात्र ८६ आणि ९९ यांचं उत्तर नाही. (७१ त्यालाही थोडंफार येतं, म्हणून मी त्यावर फार भार टाकत नाही.)

---

तिरकस

सगळे कीटोनच्या मागे लागलेत. ८६ आणि ५८, मध्ये २८ चा फरक, हे चित्र मी शेकडो वेळा पाहिलंय आणि दर वेळी ते ट्रायएथिलअमीन निघालंय. कोणीतरी रिअॅक्शनमध्ये टाकलं असेल, नीट धुतलं नसेल.

---

आयनमित्र

शंका रास्त आहे. ट्रायएथिलअमीनचं मोठं पीक ८६ चं आणि त्यातून एथिलीन जाऊन ५८, हे खरंच. पण मग १०१ ला त्याचा मॉलिक्युलर आयन आणि खाली ३० चं पीकही हवं. शिवाय इतकं हलकं अमीन कॉलमवरून फार लवकर उतरतं, नऊ कार्बनच्या कीटोनबरोबर ते येणार नाही.

गाळणकागद यांच्या ‘नेहमी सम’ या नियमाला तिथेच मर्यादा पडते. रेणूत एक नायट्रोजन आला की हिशोब उलटतो. ट्रायएथिलअमीनचं ८६ हे साधं मिथाइल तुटून झालेलं आयन आहे, त्यात मॅक्लॅफर्टी कुठेच नाही, तरी वस्तुमान सम. म्हणून आधी नायट्रोजन नाही हे ठरवायचं, मग सम-विषम मोजायचं. नवशिकी यांच्याकडे हाय रिझोल्यूशन आहे, त्यांनी ८६ चा नेमका आकडा द्यावा. C5H10O असेल तर ८६.०७३ च्या जवळ यायला हवा, C5H12N असेल तर ८६.०९६. एवढा फरक त्या यंत्राला किरकोळ आहे.

---

नवशिकी

पाहिलं. ८६.०७२ येतंय. ५८ सुद्धा C3H6O ला जुळतं. १०१ आणि ३० दोन्ही नाहीत. स्पेक्ट्रम पीकच्या चढावर, माथ्यावर आणि उतारावर वेगवेगळा काढून पाहिला, तिन्ही ठिकाणी ८६ आणि ५८ यांचं प्रमाण तेवढंच. म्हणजे दोन घटक एकत्र उतरले असंही दिसत नाही.

---

तिरकस

ठीक, अमीन बाद. पण ५८ आणि ४३ म्हटलं की भांडी धुवायचं अॅसिटोनही आठवायला हवं. त्याचा मॉलिक्युलर आयन ५८ आणि मोठं पीक ४३. तिथे हाय रिझोल्यूशनचा काय उपयोग? सूत्र तेच, C3H6O.

---

आयनमित्र

अगदी. अॅसिटोनचं आयन आणि मॅक्लॅफर्टीतून येणारं त्याचं इनॉल आयन यांचं वस्तुमान शेवटच्या दशांशापर्यंत एकच. सॅम्पल थेट प्रोबवरून आत घातला असता तर मीही घाबरलो असतो. जीसीमध्ये मात्र ५८ चा आयन-क्रोमॅटोग्राम काढायचा. कीटोनच्या पीकबरोबर तो चढतो आणि उतरतो का ते पाहायचं. बॅकग्राउंडचं असेल तर सपाट रेघ दिसते. तीन ठिकाणी प्रमाण सारखं आलं म्हणजे हे झालंच आहे.

अल्डिहाइडवाल्यांचं दुखणं याहून जुनं. त्यांचं मॅक्लॅफर्टीचं पीक ४४, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइडही ४४. यंत्र जरा गळत असलं की प्रत्येक गोष्ट अल्डिहाइड वाटू लागते.

---

औषधी_दुनिया

आमच्याकडेही असाच घोळ चाललाय म्हणून विचारते. आमचा लांब साखळीचा कीटोन एलसी-एमएसवर चालवला. पॉझिटिव्ह ईएसआय. [M+H]+ छान येतं, पण एमएस-एमएस केलं की मॅक्लॅफर्टीचं पीक काही दिसत नाही. पाण्याचे १८ जातात आणि मग नुसते हायड्रोकार्बनचे तुकडे. कोलिजन एनर्जी दहापासून चाळीसपर्यंत चढवून पाहिली. कॉलम खराब झालाय का?

---

आयनमित्र

कॉलमचा इथे काही दोष नाही. तुमचं आयन वेगळ्या जातीचं आहे.

ई-आयमध्ये रेणूतून एक इलेक्ट्रॉन उडतो. कार्बोनिलमध्ये तो बहुधा ऑक्सिजनच्या एकट्या जोडीतला असतो. मागे ऑक्सिजनवर एकटा इलेक्ट्रॉन उरतो आणि तोच गॅमावरचा हायड्रोजन ओढून घेतो. तुमच्या ईएसआयमध्ये इलेक्ट्रॉन उडालेलाच नाही, वरून एक प्रोटॉन चिकटलाय. सगळे इलेक्ट्रॉन जोडीनं आहेत, ओढायला कोणी रिकामं नाही. त्यामुळे पाणी जाण्यासारख्या वाटा आधी उघडतात. प्रोटॉन असलेल्या आयनातही हायड्रोजन सरकून अल्कीन जाण्याच्या वाटा असतात, काही लोक त्यांनाही मॅक्लॅफर्टीसारखं म्हणतात, पण त्यासाठी ई-आयचा तक्ता लावू नका. कोलिजन एनर्जी कितीही चढवा, तक्त्यातलं पीक येणार नाही.

---

औषधी_दुनिया

म्हणजे आमचा कीटोन जीसीवर न्यावा लागणार. तो उडेल असं वाटत नाही. वेगळा धागा काढते.

---

खडूफळा

मी हे वर्गात शिकवते, त्यामुळे राहवत नाही. मुलांना सहा बाणांचं चित्र देते: सहा अणूंचं कडं, हायड्रोजन ऑक्सिजनकडे, अल्फा-बीटा बंध तुटतो, नवा दुहेरी बंध, सगळं एका दमात. फोटोकेमिस्ट्रीतल्या नॉरिश टाइप दोनशी तुलना केली की त्यांना पटकन कळतं. इतकी वर्षं हेच चालत आलंय. आयनमित्र, तुम्ही ‘आधी ओढतो’ म्हणालात. एकदम की टप्प्याटप्प्यानं?

---

आयनमित्र

बहुतेक पुरावा टप्प्यांच्या बाजूनं आहे. आधी हायड्रोजन सरकतो आणि मध्ये एक असं आयन बनतं ज्यात धन प्रभार ऑक्सिजनपाशी आणि एकटा इलेक्ट्रॉन गॅमा कार्बनवर, दोन्ही लांब लांब. मग त्या एकट्या इलेक्ट्रॉनच्या शेजारचा अल्फा-बीटा बंध तुटून अल्कीन बाहेर पडतं. गॅमावर ड्यूटेरियम लावून झालेले प्रयोग याच बाजूला झुकतात. नॉरिशशी तुलना त्यामुळे उलट जास्तच बसते, तिथेही मध्ये दोन टोकांना एकटे इलेक्ट्रॉन असलेला रेणू असतोच.

फळ्यावरचं चित्र हिशोबासाठी चालतं. पण सहा बाण एका दमात काढले की मुलांना वाटतं, हायड्रोजन सरकला म्हणजे बंध तुटलाच. तसं नाही. तो परतही जातो.

खरी अट भूमितीची आहे. हायड्रोजन ऑक्सिजनच्या पुरेसा जवळ यायला हवा. जेरासी यांनी स्टेरॉइड कीटोनवर काम करून दाखवलं की ताठ सांगाड्यात हे अंतर साधारण १.८ अँगस्ट्रॉमच्या वर गेलं की रिअरेंजमेंट बंद पडते, मग कागदावर गॅमा हायड्रोजन असला तरी उपयोग नाही. मोकळ्या साखळीला ही अडचण नाही, ती वाकते.

---

खडूफळा

मग मुलं हमखास विचारतात तो प्रश्न. इनॉल कशाला बनेल? कीटोन तर इनॉलपेक्षा स्थिर असतो.

---

आयनमित्र

प्रभार नसताना असतो. इलेक्ट्रॉन काढला की बाजी उलटते. अॅसिटोनचं इनॉल आयन हे अॅसिटोनच्या साध्या आयनापेक्षा साठेक किलोज्यूल प्रति मोलनं खाली आहे, आणि दोघांच्या मधली भिंत उंच आहे. त्यामुळे एकदा बनलेलं इनॉल आयन सहजासहजी परत कीटो रूपात येत नाही. ५८ म्हणून डिटेक्टरवर जे पोचतं ते बहुतांशी इनॉलच.

---

गाळणकागद

माझा मुद्दा अजून उभा आहे. ४-नोनॅनोनमध्ये प्रोपाइलच्या बाजूलाही गॅमा हायड्रोजन आहे असं तुम्हीच म्हणता. मग तिकडून आधी एथिलीन का जात नाही? १४२ वजा २८, ११४ चं पीक कुठाय?

---

आयनमित्र

हा प्रश्न मला आवडला. नवशिकी, ११४ पाहता का? असेल पण बारीक असेल.

पेंटाइलच्या बाजूचा गॅमा कार्बन CH2 आहे, प्रोपाइलच्या बाजूचा CH3. दुय्यम कार्बनवरचा हायड्रोजन प्राथमिकपेक्षा सहज निघतो, आणि मागे उरणारा एकटा इलेक्ट्रॉनही तिथे जास्त सुखात राहतो. दोन वाटा खुल्या असल्या की गर्दी सोप्या वाटेनं जाते. म्हणून ८६ मोठं, ११४ नावापुरतं. ८६ बनल्यावर प्रोपाइलची बाजू एवढीच उरते, मग अवघड असली तरी तीच वाट.

---

नवशिकी

११४ आहे, अगदी बारीक. बेसलाइनच्या वर ओळखू येतं इतकंच.

आणि ट्रिपल क्वाडवर ८६ निवडून त्याचा प्रॉडक्ट स्कॅन घेतला. ५८ येतं.

---

जुनाट_चुंबक

आमच्या काळी यासाठी ट्रिपल क्वाड लागत नसे. सेक्टर यंत्रात वाटेत तुटणाऱ्या आयनांचं पसरट पीक आपोआप पडायचं, मुलाच्या वस्तुमानाचा वर्ग भागिले आईचं वस्तुमान या जागी. ५८ चा वर्ग ३३६४, भागिले ८६, म्हणजे ३९.१. दुर्दैवानं ३९ वर C3H3+ चं टोकदार पीक बसलेलं असायचं, त्यामुळे हा पसरट ढीग त्याच्या पायथ्याशी शोधावा लागे. नजर तयार झालेली असायची आमची.

अवांतर: नाव मॅक्लॅफर्टीचं पडलं, पण १९५४ मध्येच ऑस्ट्रेलियात निकल्सन यांनी मिथाइल कीटोनच्या बाबतीत हे नोंदवलं होतं. मॅक्लॅफर्टी तेव्हा डाऊ केमिकलमध्ये होते. त्यांनी पुढच्या काही वर्षांत कितीतरी संयुगांवर ते पद्धतशीर दाखवलं आणि नाव चिकटलं. यावर वाद घालायचा तर घाला, मला दोन्ही बाजू पटतात.

---

गाळणकागद

बरं, ४-नोनॅनोन धरू. पण मग पक्कं कसं म्हणता? प्रोपाइलऐवजी आयसोप्रोपाइल असलं तर? २-मिथाइल-३-ऑक्टॅनोन. त्यालाही ४३, ७१, ९९, ८६, १४२ सगळं येईल.

---

आयनमित्र

शाब्बास, धाग्यातला सगळ्यात उपयोगी प्रश्न हाच.

मांडून पाहू. (CH3)2CH-CO-C5H11. आयसोप्रोपाइल तुटून ९९. पेंटाइल तुटून (CH3)2CHCO+, ७१. आयसोप्रोपाइलचं आयन ४३. पेंटाइलच्या बाजूनं ब्यूटीन जाऊन ८६. इथवर दोन्ही रेणू जुळे भाऊ.

आता दुसरा टप्पा. आयसोप्रोपाइलमध्ये अल्फा कार्बन आहे, त्याला चिकटलेले दोन मिथाइल हे बीटा, आणि पुढे काही नाही. गॅमा कार्बनच नाही, म्हणजे सरकायला हायड्रोजन नाही. ८६ तिथेच थांबतं, मोठं ५८ येत नाही.

ज्या ५८ ला पाहून सीनियर ‘मिथाइल कीटोन’ म्हणाले, तेच ५८ इथे ‘सरळ प्रोपाइल आहे’ याचा पुरावा ठरतं. बाकी कोणतंही मोठं पीक हा फरक करत नाही.

---

नवशिकी

म्हणजे ५८ गेलं असतं तर मी अडकले असते! सीनियरांना हे सांगितलं. ते म्हणाले, तर्क ठीक आहे, पण कागदावर काहीही जुळवता येतं, एखादा प्रयोग दाखव. अस्सल नमुना मागवायला वेळ लागणार. दुसरं काही?

---

खडूफळा

अल्फा हायड्रोजन मोज. ड्यूटेरियम बदलून.

कीटोन थोडासा घे, D2O आणि CH3OD च्या मिश्रणात पोटॅशियम कार्बोनेट टाकून कोमट ठेव, मग कोरड्या ईथरमध्ये काढून घे. हे दोन-तीनदा कर. कार्बोनिलच्या शेजारचे हायड्रोजनच बदलतील. २-नोनॅनोनमध्ये ते पाच, मॉलिक्युलर आयन १४७. ४-नोनॅनोनमध्ये चार, १४६. २-मिथाइल-३-ऑक्टॅनोनमध्ये तीन, १४५. कडक अल्कली वापरू नकोस, अल्डॉलचा चिखल होतो.

---

आयनमित्र

उत्तम. दोन सावधगिरीच्या गोष्टी जोडतो.

एक, हे ड्यूटेरियम कॉलमवर परत हायड्रोजनशी अदलाबदल करतं. इंजेक्टरच्या काचेवर आणि कॉलममध्ये ओलावा असतोच. सॅम्पलआधी D2O ची दोन-चार इंजेक्शनं दिली तर ते पुष्कळ कमी होतं.

दोन, १४५ आणि १४६ दोन्ही दिसले तर गोंधळू नका. तीनच हायड्रोजन बदलू शकणाऱ्या रेणूलाही कार्बन-१३ मुळे १४६ ला १४५ च्या दहाएक टक्के पीक येतं. १४६ त्याहून खूप मोठं असेल तरच चार मानायचे. अपुऱ्या अदलाबदलीमुळे आकडा खाली सरकतो, वर जात नाही, म्हणून सगळ्यात वरचं खरं पीक धरायचं.

तुकड्यांकडेही बघा. ४-नोनॅनोन असेल तर चारही ड्यूटेरियम ८६ मध्ये राहतात, ते ९० होईल. ५८ चं ६२. २-नोनॅनोनचं ५८ मात्र ६३ झालं असतं.

---

नवशिकी

झालं. मॉलिक्युलर आयन १४६, त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढं १४५. १४७ हे १४६ च्या कार्बन-१३ एवढंच. ८६ सरकून ९० वर, ५८ सरकून ६२ वर, ९९ आता १०१ आणि ७१ आता ७३.

एकच खटकतंय. ४३ चं बरंचसं ४५ झालं, पण थोडं ४३ तसंच उरलं. अदलाबदल अपुरी म्हणावी तर बाकीची पीकं नीट सरकलीत.

---

आयनमित्र

ते उरलेलं ४३ पेंटाइलच्या शेपटाचं. सरळ साखळीतून C3H7+ तुटून येतंच, आणि त्या टोकाच्या तीन कार्बनांवर ड्यूटेरियम नाही. कार्बोनिलशेजारच्या प्रोपाइलचं ४३ मात्र ४५ झालं, कारण त्यात अल्फाचे दोन ड्यूटेरियम आहेत. अॅसिटिल असतं तर ४६ दिसलं असतं. सीनियरांना हेच दाखवा.

---

तिरकस

६२ वरून एक विचारू का? दुसऱ्या वेळचा हायड्रोजन नेमका जातो कुठे? पहिल्यानं ऑक्सिजनवर OH केलाच आहे. दुसराही ऑक्सिजनवर गेला तर तिथे दोन हायड्रोजन होतील.

---

आयनमित्र

की तो अल्फा कार्बनवर जातो? दोन्ही वाटा सुचवल्या गेल्यात. ऑक्सिजनवर गेला तर पाणी लटकल्यासारखं आयन होतं, कार्बनवर गेला तर सरळ अॅसिटोनचं इनॉल. आयन सायक्लोट्रॉन रेझोनन्सचे प्रयोग इनॉलच्या बाजूनं झुकतात, पण प्रत्येक कीटोनमध्ये, प्रत्येक ऊर्जेला हेच होतं का, यावर मी पैज लावणार नाही. वस्तुमान दोन्हीकडे ६२ च, त्यामुळे नवशिकी यांच्या स्पेक्ट्रमवरून ते कळणार नाही.

---

गाळणकागद

आणि पेंटाइल सरळच आहे हे कशावरून? कार्बोनिलपुढे CH2CH2CH(CH3)2 असलं तर? आयसोब्यूटीन जाईल, तेही ५६. चार अल्फा हायड्रोजनही तेवढेच. ७-मिथाइल-४-ऑक्टॅनोन.

---

आयनमित्र

बरोबर. तिथे या पीकांचा नाइलाज आहे. CH2C(CH3)3 घेतला तरी ८६ आणि ५८ येतील. मॅक्लॅफर्टी अल्फा कार्बनवर काय लटकलंय ते सांगतं, कारण तो तुकड्यात राहतो. बीटापासून पुढचं सगळं अल्कीन बनून निघून जातं, आणि प्रभार नसलेल्या गोष्टीचं यंत्राला काही दिसत नाही. उंचीत थोडाफार फरक पडेल, आयसोपेंटाइलचा गॅमा हायड्रोजन तृतीयक आहे, म्हणजे ८६ अजून जोमात यायला हवं. पण तुलनेला दुसरा नमुना नसताना उंचीवरून निकाल द्यायला मी तयार नाही.

कार्बन-१३ एनएमआर करता आला तर लगेच सुटेल. सरळ साखळीला नऊ रेघा, ७-मिथाइलला आठ, निओपेंटाइलला सात.

---

नवशिकी

एनएमआरला पुरेल एवढा माल वेगळा निघत नाहीये, दोन शेजारी पीकं फार चिकटून आहेत. ४-नोनॅनोनचा नमुना मागवलाय. आला की दोन वेगळ्या ध्रुवीयतेच्या कॉलमवर सोबत इंजेक्ट करते. तोवर वहीत ‘प्रोपाइल कीटोन, C5H11 ची रचना बाकी’ असं लिहिलंय.

---

जुनाट_चुंबक

नमुना येईपर्यंत इलेक्ट्रॉनची ऊर्जा बारा-पंधरा व्होल्टवर आणून एक स्कॅन घ्या. साधी तुटणारी पीकं खाली बसतात आणि ८६ तुलनेनं वर येतं. ५८ दुसऱ्या टप्प्याचं असेल तर ते ८६ च्या मागे पडायला हवं. सिग्नल फार कमी होईल, त्यामुळे सॅम्पल थोडा घट्ट करून घाला.